कोमट कॉफी, चुकीचं सँडविच : कॅफेच्या मॅनेजरला बदलून मागणारं पत्र कसं लिहावं

सांगलीत विश्रामबागेकडच्या एका कॅफेत मी सहा वर्षं गल्ल्यावर बसलो. आधी कॅशिअर म्हणून, मग मॅनेजर म्हणून. त्या काळात चुकलेल्या ऑर्डरींबद्दल जी पत्रं, चिठ्ठ्या आणि व्हॉट्सॲप मेसेज आले, त्यातले निम्मे वाचून मला कळायचंच नाही की या माणसाला नेमकं काय हवंय. राग कळायचा. पण रागाचं मी काय करणार? मला बिल शोधायचं असतं, किचनला विचारायचं असतं आणि नवीन डिश द्यायची की नाही ते ठरवायचं असतं. हा लेख त्या बाजूने लिहिलाय. शिक्षणासाठी, नोकरीसाठी नव्याने इथे आलेल्या आणि असं पत्र पहिल्यांदाच लिहायला बसलेल्या माणसाला तो उपयोगी पडेल.

एक आधीच सांगतो. टपरीवर चहा गार मिळाला तर कोणी पत्र लिहीत नाही. "काका, गार झालाय की ओ" म्हटलं की तो चहा परत पातेल्यात जातो आणि उकळून येतो. कॅफेतही तुम्ही अजून टेबलावर असाल आणि मॅनेजर समोर असेल, तर तोंडानेच सांगा. पत्राची वेळ येते ती तिथल्या तिथे काम झालं नाही म्हणून. मॅनेजर जागेवर नव्हते, काउंटरवरच्या मुलाच्या हातात काही नव्हतं, किंवा तुमची सुट्टी संपत आली होती.

गेल्या पावसाळ्यात नेमकं असंच झालं. आमच्या खालच्या मजल्यावर एक ताई भाड्याने राहायला आल्या होत्या, विदर्भातून बँकेत बदलून. दुपारच्या सुट्टीत त्या जवळच्या कॅफेत गेल्या. पनीर चीज ग्रील सँडविच आणि एक गरम लाटे सांगितली. आलं व्हेज चीज ग्रील, आणि लाटे कोमट. मॅनेजर बाहेर गेलेले. संध्याकाळी त्या कागद घेऊन माझ्याकडे आल्या, "काका, हे बरोबर आहे का बघता का?" त्याच पत्रावरून सगळं सांगतो.

आधी खात्री करा : खरंच कोमट आहे का?

ही पायरी लोक सोडतात आणि मग मॅनेजरपुढे तोंडघशी पडतात. मशीनची दुधाची कॉफी आपल्या चहाइतकी कढत नसतेच. चहा उकळतो, लाटे किंवा कॅपुचिनोचं दूध वाफेने साधारण ६० ते ६५ अंशांपर्यंतच तापवतात. त्याच्या फार वर गेलं की दुधाला करपट वास येतो आणि फेस जाडाभरडा होतो. त्यामुळे आयुष्यभर उकळता चहा प्यायलेल्या माणसाला व्यवस्थित केलेली लाटेही पहिल्या घोटाला "अरे, ही गार आहे" असं वाटू शकतं. ती चूक नाही. पुढच्या वेळी ऑर्डर देतानाच "जास्त गरम करा" म्हणा, करून देतात.

मग कोमट ओळखायची कशी? कप पूर्ण तळव्यात धरा. नीट गरम लाटेचा कप काही सेकंदांनी हातातून जरा सरकवावासा वाटतो. कोमट असेल तर कितीही वेळ धरून बसता येतं, आणि पहिलाच घोट मोठा घेतला तरी जिभेला काही जाणवत नाही. दुसरी खूण फेसाची. ताज्या लाटेवर फेस एकजीव, चकचकीत असतो. दहा-पंधरा मिनिटं उभी राहिलेल्या लाटेचा फेस कोरडा पडतो, त्याला भोकं पडतात, कडेने तो कपापासून सुटतो.

सँडविचची परीक्षा सोपी. तुकडे ओढून वेगळे करा. चीजची तार सुटली तर ते गरम आहे. चीज बसलं असेल, मेणासारखं तुटत असेल आणि खालची ब्रेडची बाजू ओलसर लागत असेल, तर ते किचनच्या खिडकीत वाट बघत पडलं होतं. ग्रीलमधून निघालेल्या ब्रेडला वाफ सुटते आणि खाली थाळी असेल तर ती वाफ तिथेच पाणी होऊन बसते.

या खुणा पत्रात सगळ्याच लिहायच्या नाहीत. पण एखादी लिहिली तर वाचणाऱ्याला कळतं की तुम्ही उगाच म्हणत नाही. "फेस बसलेला होता" हे तीन शब्द "अत्यंत निकृष्ट दर्जा" या तीन शब्दांपेक्षा मॅनेजरला खूप काही सांगतात.

आणि शब्द नेमका वापरा. कोमट म्हणजे कोमट. रागाच्या भरात "थंडगार" लिहिलं की मॅनेजर मुलाला विचारतो, मुलगा म्हणतो "थंड नव्हती सर, जरा कोमट झालेली", आणि तुमच्या पत्रातलं बाकीचं खरंही संशयात जातं.

मग बिल बघा

बिल वाचल्याशिवाय पत्राला हात घालू नका. चुकीची ऑर्डर दोन जागी चुकते आणि पत्र कसं लिहायचं ते त्यावर ठरतं.

काउंटरवर तुम्ही ऑर्डर सांगता, ती मशीनमध्ये टाकली जाते, आणि त्याच वेळी किचनमध्ये एक चिठ्ठी निघते. तिला सगळे केओटी म्हणतात. किचनमधला माणूस तुमचं तोंड बघत नाही, केओटी बघतो. बिलावर तुम्ही सांगितलेलं नाव असेल आणि ताटात दुसरं आलं असेल, तर चूक किचनमध्ये किंवा उचलताना झाली. दुसऱ्या टेबलाची डिश तुमच्याकडे आली, असंही होतं. अशा वेळी तुमची बाजू पक्की असते, कारण त्यांचंच बिल तुमचा साक्षीदार असतं.

पण बिलावरच चुकीचं नाव असेल तर? म्हणजे काउंटरवर ऐकण्यात किंवा बटण दाबण्यात गफलत झाली, आणि पैसेही त्याच वस्तूचे घेतले गेले. आता तुमच्याकडे पुरावा नाही, फक्त शब्द आहे. तेव्हा "तुम्ही चुकीचं दिलं" असं ठणकावून लिहिण्यात अर्थ नसतो. त्यांच्या कागदानुसार त्यांनी बरोबरच दिलंय. याचं पत्र वेगळं होतं. ते पुढे सांगतो.

ताईंच्या बिलावर पनीर चीज ग्रील १६० रुपये, लाटे १२० रुपये, त्यावर पाच टक्के जीएसटीचे १४, असे २९४ रुपये होते. म्हणजे बिल बरोबर, ताट चूक. बिलावरची वेळ १.१२. दोन्ही वस्तू एकदम आल्या तेव्हा १.३४ झाले होते. त्यांनी नेमकी वेळ बघितली होती, कारण पावणेदोनला परत खुर्चीत बसायचं होतं.

या २२ मिनिटांतच सगळी गोष्ट आहे. लाटे करायला तीन-चार मिनिटं लागतात. सँडविच भरून ग्रील व्हायला आठ-दहा, आणि गर्दीत त्याचा नंबर लागायला आणखी. लाटे आधी झाली आणि सँडविचची वाट बघत उभी राहिली, हे मला कागद वाचताक्षणी कळलं. त्यांच्या मॅनेजरलाही कळलं असतं. म्हणून ताईंना म्हटलं, कारण तुम्ही लिहू नका. "तुमच्या मुलांनी कॉफी आधी करून ठेवली" हा तर्क झाला. फक्त दोन वेळा लिहा, १.१२ आणि १.३४. कारण ते स्वतः शोधतील, आणि स्वतः शोधलेलं कारण माणूस लवकर मान्य करतो.

ताईंचा पहिला कागद

तो असा होता :

"आज आपल्या कॅफेत अत्यंत वाईट अनुभव आला. एवढे पैसे घेऊन थंडगार कॉफी आणि भलतंच सँडविच दिलं. आपला कर्मचारी नीट उत्तरही देऊ शकला नाही. आम्ही नोकरी करणारी माणसं आहोत, आमच्या वेळेला किंमत आहे. असंच चालणार असेल तर पुन्हा आपल्याकडे पाय ठेवणार नाही. तरी योग्य ती कारवाई करावी ही विनंती."

राग खोटा नाही. पण हा कागद माझ्या गल्ल्यावर आला असता तर मी काय केलं असतं ते सांगतो. बिल नंबर नाही, वेळ नाही. म्हणजे आजच्या शे-सव्वाशे बिलांतलं तुमचं कुठलं ते कळत नाही. "भलतंच सँडविच" म्हणजे कुठलं ते कळत नाही. "योग्य ती कारवाई" हा शब्द आपण शाळेतल्या तक्रारपत्रांतून उचललेला. नगरपालिकेला गटार तुंबल्याचं लिहिताना तो ठीक आहे. मॅनेजरला त्यातून एवढंच कळतं की मुलाला झापायचंय. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे पुन्हा पाय ठेवणार नसाल तर बदली डिश खायला येणार कोण?

ताई त्यावर हसल्या. म्हणाल्या, "मला फक्त माझं पनीर सँडविच पाहिजे हो." मी म्हटलं, हेच लिहा ना मग. अख्ख्या पत्रात हे एक वाक्य राहिलंय.

मुलाबद्दलचं वाक्यही काढायला लावलं, आणि त्याला कारण आहे. काही ठिकाणी चुकलेल्या ऑर्डरचे पैसे पोराच्या पगारातून कापतात. हे बरं नाही, पण होतं. उर्मटपणा झाला असेल तर जरूर लिहा, तो वेगळा विषय आहे. इथे त्या मुलाने "मला बिल बदलता येत नाही, मॅडम" एवढंच म्हटलं होतं, आणि ते खरं होतं. बहुतेक ठिकाणी झालेलं बिल रद्द करायचा पासवर्ड मॅनेजरकडेच असतो. मुलाचं नाव लिहायचीही गरज नसते. टेबल नंबर लिहिला की तिथे कोण होतं ते त्यांना कळतंच.

विषयाची ओळ

मॅनेजर सगळ्यात आधी विषय वाचतो, कधी कधी तेवढाच. त्यात बिल नंबर आणि काय हवंय, दोन्ही आलं पाहिजे. ताईंनी लिहिलं होतं, "विषय : ऑर्डरच्या बदलीबाबत." बँकेतली माणसं! बदली म्हटलं की आपल्याकडे ट्रान्सफर आठवते. "बदलून मिळण्याबाबत" लिहा, घोटाळा होत नाही.

"प्रति, मा. मॅनेजर" चालतं. "व्यवस्थापक" लिहिलंत तरी हरकत नाही, पण दारावरच्या पाटीवर आणि सगळ्यांच्या तोंडी जो शब्द आहे तो लिहायला संकोच कशाला. भाषा "आपण"ची ठेवा. पत्रात "होतं, केलं" लिहायचं की "होते, केले", यावर लोक अडतात. दोन्ही चालतं. कागदी पत्राला "होते" जास्त शोभतं. एकाच पत्रात दोन्हीची खिचडी मात्र नको.

नम्रतेबद्दल एवढंच, की ती क्रियापदात असते. "तुम्ही चुकीचे दिले" आणि "चुकीचे आले" यांत माहिती तीच आहे, पण दुसऱ्या वाक्यात समोरच्याला अंगावर घ्यायला काही उरत नाही. दर ओळीला "कृपया" आणि "नम्र विनंती" टाकलंत तर पत्र लाचार दिसायला लागतं. पैसे मोजलेत तुम्ही. "कृपया" एकदा, "विनंती" एकदा, पुरे.

पत्र

शेवटी तयार झालं ते असं. नावाच्या जागी शाळेतल्यासारखं अ. ब. क. ठेवतो.

दि. १४ जुलै

प्रति,
मा. मॅनेजर,
(कॅफेचे नाव), विश्रामबाग, सांगली.

विषय : बिल क्र. ११८ मधील सँडविच व लाटे बदलून मिळण्याबाबत.

महोदय,

आज दुपारी १.१२ वाजता मी आपल्या काउंटरवर एक पनीर चीज ग्रील सँडविच व एक गरम लाटे अशी ऑर्डर दिली. (बिल क्र. ११८, टेबल क्र. ४, एकूण २९४ रुपये, यूपीआयने भरले.) १.३४ वाजता दोन्ही वस्तू टेबलावर आल्या. सँडविच व्हेज चीज ग्रीलचे होते. बिलावर मात्र पनीर चीज ग्रील असेच आहे. लाटे कोमट होती व वरचा फेस बसलेला होता.

सँडविचचा एक तुकडा खाल्ल्यावर आत पनीर नसल्याचे लक्षात आले. लाटेचे दोन घोट घेतले होते. मी लगेच टेबलावरील मुलाला हे दाखवले. त्यांनी नीट ऐकून घेतले, परंतु बिलात बदल करणे त्यांच्या हातात नव्हते व आपण त्या वेळी कॅफेत नव्हता. माझी सुट्टी संपत आल्याने मी दोन्ही वस्तू तशाच ठेवून निघाले. बिल व सँडविच यांचा फोटो सोबत जोडला आहे.

तरी कृपया पनीर चीज ग्रील सँडविच व गरम लाटे, दोन्ही नव्याने करून, वेगळे पैसे न घेता द्यावेत, ही विनंती. उद्या, दि. १५ जुलै रोजी दुपारी १.१५ वाजता मी कॅफेत येऊ शकते. ही वेळ सोयीची नसल्यास आपल्याला सोयीची वेळ कळवावी.

कळावे.

आपली विश्वासू,
अ. ब. क.
(मोबाइल नंबर)

यातल्या दोन-तीन जागा मुद्दाम अशा आहेत, त्यांच्याबद्दल जरा सविस्तर बोलतो.

"एक तुकडा खाल्ल्यावर" आणि "दोन घोट" हे ताईंना लिहायचं नव्हतं. त्यांना वाटलं, खाल्लं म्हटलं तर बदलून देणार नाहीत. उलटं आहे. ताट परत किचनमध्ये जातं तेव्हा किती खाल्लंय ते तिथले सगळे बघतात. तुम्ही आधीच सांगितलंत तर प्रश्नच मिटतो. आता याला मर्यादा आहे. पाऊण सँडविच संपवून "चुकीचं होतं" म्हटलंत तर कुठलाही मॅनेजर मनात हसेल. चूक कळली की तिथेच थांबा. भूक लागलीय म्हणून खाऊन टाकलंत, तर मग नवीन डिश मागू नका. फार तर किमतीतला फरक मागा. ताईंच्या बाबतीत व्हेज चीज ग्रील मेन्यूवर १३० ला होतं, म्हणजे फरक ३० रुपये आणि त्यावरचा दीड रुपया कर. खाऊन टाकल्यावर मागायचं ते एवढंच.

"नव्याने करून" हे दोन शब्द विसरू नका. नुसतं "गरम करून द्यावे" लिहिलंत तर गरम करूनच मिळतं, मायक्रोवेव्हमधून. दुधाची कॉफी पुन्हा तापवली की फेस जातो आणि वर साय धरते. ग्रील केलेला ब्रेड मायक्रोवेव्हमध्ये आधी लोळागोळा होतो आणि दोन मिनिटांत चिवट. मग तुम्ही दुसरी तक्रार लिहिणार, आणि ते म्हणणार, "तुम्हीच गरम करून मागितलं होतं."

वेळ तुम्ही सुचवा. "लवकरात लवकर" म्हटलं की ते कोणाचंच काम राहत नाही. "उद्या १.१५" म्हटलं की मॅनेजर काउंटरवर चिठ्ठी चिकटवून ठेवतो. आणि पत्र त्याच दिवशी द्या, शक्यतो रात्री कॅफे बंद व्हायच्या आत. रात्री दिवसाचा हिशोब बंद होतो. तोवर आजचं बिल उघडून त्यात दुरुस्ती करणं मॅनेजरच्या हातात असतं. हिशोब बंद झाल्यावर नवीन डिश द्यायची तर ती फुकट दिल्याची नोंद करावी लागते आणि पुष्कळ ठिकाणी त्याला मालकाची परवानगी लागते. आठवड्याने पत्र आलं तर मी देत नव्हतो असं नाही, पण दहा प्रश्न विचारावे लागायचे.

फोटो

एकच पुरे, पण नीट. सँडविच कापलेल्या बाजूने उभं करा म्हणजे आतलं सारण दिसेल, आणि शेजारी बिल ठेवा, नंबर वाचता येईल असं. वरून काढलेल्या फोटोत सगळी ग्रील सँडविचं सारखीच दिसतात. कोमटपणाचा फोटो निघत नाही, म्हणून तो खटाटोप करू नका. बसलेला फेस दिसला तर दिसला.

बिलावरच चुकीचं नाव असेल तर

आता तो राहिलेला प्रकार. समजा ताईंच्या बिलावरच "व्हेज चीज ग्रील, १३०" असं असतं. मग पत्रात सँडविचबद्दल असं लिहायचं :

"बिलावर व्हेज चीज ग्रील अशी नोंद आहे, हे मी नंतर पाहिले. मी पनीर चीज ग्रील सांगितले होते. गर्दीत ऐकण्यात फरक झाला असावा. पैसे देताना बिल तपासायचे माझ्याकडूनही राहिले. शक्य असल्यास पनीर चीज ग्रील नव्याने करून द्यावे. किमतीतील फरक मी देईन."

यात तुम्ही हक्क सांगत नाही, विचारता आहात. फरक द्यायची तयारी दाखवल्यावर "नाही" म्हणणारा मॅनेजर मी तरी फार पाहिला नाही, आणि बरेच जण फरक घेतही नाहीत. लाटेचं मात्र पहिल्यासारखंच लिहा. ती बिलावर काहीही असलं तरी कोमटच होती.

हे सगळं साध्या चुकीबद्दल झालं. शाकाहारी माणसाच्या ताटात चिकन आलं, किंवा ॲलर्जी आहे सांगूनही शेंगदाणे आले, तर ते बदलून मागायचं प्रकरण नाही. तिथे लगेच, तोंडी, मॅनेजरला किंवा मालकाला फोन करूनच बोला. अन्न शिळं किंवा आंबलेलं असेल तर तो अन्न व औषध प्रशासनाकडे जाणारा विषय आहे. बिलावर छापलेला १४ आकडी परवाना क्रमांक अशाच वेळी कामाला येतो. कोमट लाटेसाठी त्या नंबरची आठवण पत्रात करून देऊ नका. ग्राहक आयोगाचीही नको. पहिल्याच पत्रात कायदा काढला की मॅनेजर उत्तर देत नाही, कागद मालकाकडे सरकवतो, आणि मालक चार दिवस वाचत नाही.

ॲपवरून घरी मागवलं असेल तर पत्र कॅफेला लिहून उपयोग नाही. पैसे ॲपकडे गेलेले असतात, तक्रारही त्याच ऑर्डरखाली तिथेच नोंदवावी लागते.

द्यायचं कसं, कधी

हातात द्यायचं असेल तर चार ते पाचच्या मध्ये जा. एक ते अडीच आणि संध्याकाळी सातनंतर मॅनेजरला तुमचा कागद वाचायला डोळे नसतात. कॉलेजं सुटल्यावर तर विश्रामबागेत उभं राहायला जागा नसते. ताई नोकरीवर, त्यांना ही वेळ जमणार नव्हती. बिलावर व्हॉट्सॲप नंबर होता. त्यावर पत्राचा फोटो पाठवू नका असं मी सुचवलं. मोबाइलवर कागदाचा फोटो मोठा करून वाचायला माणूस कंटाळतो. मजकूरच टाइप केला, थोडा आवरून :

"नमस्कार. आजचं बिल क्र. ११८, टेबल ४. पनीर चीज ग्रीलऐवजी व्हेज चीज ग्रील आलं आणि लाटे कोमट होती (ऑर्डर १.१२, आली १.३४). तेव्हाच टेबलावर सांगितलं होतं, आपण नव्हता. दोन्ही वस्तू उद्या दुपारी १.१५ ला नव्याने करून मिळतील का? बिल आणि फोटो सोबत. धन्यवाद."

व्हॉट्सॲपवर "होतं, आलं" शोभतं, "महोदय" आणि "आपली विश्वासू" लागत नाही. व्हॉइस नोट पाठवू नका. काउंटरवर मिक्सर चालू असतो, गाणी चालू असतात, कोण ऐकणार.

उत्तर नाही आलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी, कॅफे उघडायच्या सुमारास एक ओळ : "कालच्या बिल क्र. ११८ बद्दल लिहिलं होतं, आज १.१५ ला येऊ का?" त्यालाही उत्तर नाही, तर बिल घेऊन समोर जा. तिथेही टोलवाटोलवी झाली तर डिश सोडा आणि पैसे परत मागा. दोनदा टाळणाऱ्याकडून तिसऱ्यांदा आलेलं सँडविच चवीने खाल्लं जाणार नाही. त्यानंतर २९४ रुपयांसाठी किती चपला झिजवायच्या ते ज्याचं त्याने ठरवावं. मी सोडून दिलं असतं.

ताईंना रात्री साडेनऊला उत्तर आलं, "सॉरी मॅडम, उद्या या, सांगून ठेवतो." मी त्यांना एकच बजावलं. जुनं बिल बरोबर ठेवा, नवीन बिल करू देऊ नका, आणि गेल्यावर काउंटरवर "११८ चं बदलून" एवढं म्हणा. लाटे सँडविचबरोबरच आणा, आधी करून ठेवू नका, हेही तेव्हाच सांगा. आणि ताट आलं की मान खाली घालून खायला सुरुवात करू नका, आधी तुकडा उघडून बघा.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता मला मेसेज आला. उघडलेल्या सँडविचचा फोटो होता, आत पनीर, आणि चीजची तार बोटाला लोंबत होती.